रायत्याला आणि डाळीला धुंगार : फ्लॅटच्या स्वयंपाकघरात नीट कसा द्यायचा?

मंजिरी_के
पुढच्या रविवारी घरी दहाबारा जण जेवायला आहेत. बेत डाळ-बाटी, बुंदीचं रायतं, गट्ट्याची भाजी. डाळीला आणि रायत्याला कोळशाचा धुंगार द्यायची फार इच्छा आहे. मागे एकदा दिला होता तर गंमतच झाली. पदार्थात पेटत्या निखाऱ्याची वाटी ठेवायची, वर तूप सोडायचं आणि धूर आत कोंडायला झाकण लावायचं, हे केलं एकाच कोळशाने, एकाच तुपाने, आधी डाळीला आणि मग रायत्याला. डाळीला वासच लागला नाही आणि रायतं इतकं कडू झालं की नवऱ्याने शांतपणे वाटी बाजूला सरकवली.
दुसरी गोष्ट, आम्ही सातव्या मजल्यावर, पाइपचा गॅस, ओटा छोटा, घरात दोन लहान मुलं पायात पायात. त्यामुळे चव आणि सुरक्षितपणा दोन्हीबद्दल सांगा. व्हिडिओ खूप पाहिले, सगळ्यांत कोळसा आधीच लाल झालेला असतो आणि नंतर त्याचं काय करतात ते कुणीच दाखवत नाही.

खवय्या_नाना
आमच्याकडे डाळीला धुराचा वास आला की आई विचारायची, "करपवलीस ना?" आता त्याचेच हॉटेलात जास्त पैसे द्यायचे. चालू द्या, वाचतोय.

सुलभाकाकू
मंजिरी, बाळ किती महिन्यांचं आहे? आमच्याकडे बाळबाळंतिणीला ओवा, बाळंतशेपा, वावडिंग घालून धुरी द्यायचे. हल्लीचे डॉक्टर नको म्हणतात, नाकातोंडात धूर जातो म्हणून. विचारूनच कर गं.

मंजिरी_के
काकू, बाळ नाही, बुंदी आहे! :-) धुरी रायत्याला द्यायची आहे.

सुलभाकाकू
अगंबाई. चष्मा लावते आता.

जोधपूरची_सून
मंजिरीताई, माहेर सांगली, सासर जोधपूर, त्यामुळे या विषयावर दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं समजते.

पहिलं म्हणजे रायत्यात निखाऱ्याची वाटी ठेवूच नका. आमच्याकडे छाछ आणि रायत्याला धुंगार द्यायची पद्धत उलटी आहे. धूर दह्याला द्यायचा नाही, भांड्याला द्यायचा, आणि त्या भांड्यात दही ओतायचं. गुजरातेतही छाशीला असंच करतात. सासूबाई अजून मडकं वापरतात. मी स्टीलचं पातेलं वापरते, कारण मडक्यात वास मुरतो आणि मग ते मडकं धुंगारापुरतंच राहतं.

अर्धा लिटर घट्ट दह्याचं रायतं धरून सांगते. रायतं आधी पूर्ण तयार करून फ्रिजमध्ये ठेवा, मीठ, भाजलेलं जिरं, पुदिना, सगळं घालून. फक्त बुंदी शेवटी. ओट्यावर लोखंडी तवा उपडा नाही, सुलटा ठेवा. तो गार असू दे. त्यावर लोखंडी कढलं किंवा स्टीलची छोटी वाटी. लिंबाएवढा लाकडी कोळसा पापडाच्या जाळीवर गॅसवर पेटवा. मोठ्या आचेवर पाचसहा मिनिटं लागतात, मधे चिमट्याने एकदोनदा उलटा. सगळीकडून लाल झाला, वर राखाडी साय धरली, की चिमट्यानेच उचलून सिंकवर हलकेच झटका, म्हणजे राख रायत्यापर्यंत येत नाही. मग तो वाटीत.

त्यावर चिमूटभर जिरं, नखभर हिंग आणि अर्धा चमचा तूप. पांढरा दाट धूर निघाला की लगेच रायत्याचं रिकामं, कोरडं पातेलं त्यावर उपडं घाला. गरम धूर वर जातो, त्यामुळे उपड्या पातेल्यात तो कोंडून राहतो. दीड-दोन मिनिटं, बस. नंतर पातेलं थोडं कलतं करून खालून सपाट ताटली सरकवा आणि ताटलीसकट सुलटं करा. ताटली जेमतेम बाजूला करून रायतं ओता, झाकण लावा, पाच मिनिटांनी ढवळा.

यात निखारा अन्नाच्या जवळही येत नाही. वाटी कलंडून दह्यात पडायची भीती नाही, राख नाही. आणि वास सगळीकडे सारखा लागतो. वाटीच्या पद्धतीत वरचा थर धुराने भरतो आणि तळाचं दही कोरं राहतं.

मंजिरी_के
हे मी कुठेच पाहिलं नव्हतं! पण मग आधीचं रायतं कडू का झालं? दोन्हीकडे पाच पाच मिनिटंच ठेवलं होतं.

जोधपूरची_सून
पाच मिनिटं हेच कारण असणार. गार पदार्थावर धूर पटकन बसतो, त्यात दह्यात स्निग्धांश असतो, तो वास धरून ठेवतो. डाळीला जे पाच मिनिटांत होतं ते गार दह्याला दोन मिनिटांत होऊन जातं. शिवाय तुम्ही म्हणता तोच कोळसा दुसऱ्यांदा वापरला. तोवर तो निवलेला असणार. निवत्या कोळशावर तूप जळत नाही, नुसतं धुमसतं, आणि तो धूर पिवळसर, घशाला लागणारा असतो. नाकाशी आला की ठसका लागतो, तो धूर रायत्याला नको. प्रत्येक पदार्थाला वेगळा, ताजा निखारा घ्यावा.

प्रकाश_बी
उत्तम माहिती. सुरक्षिततेबद्दल माझी भर: घाबरण्यासारखं काही नाही. धोका असतो तो धुराचा. कोळसा एकदा पूर्ण लाल झाला की त्यातून धूर येत नाही, म्हणजे खिडकी वगैरे उघडायची गरज उरत नाही. वारं लागलं तर उलट निखारा लवकर निवतो.

भट्टीवाला
प्रकाशराव, अर्धं बरोबर, अर्धं धोक्याचं. धूर दिसत नाही हे खरं, पण लाल निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणीही येत नाही. दर थंडीत उत्तरेकडे बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, त्या खोल्यांतही धूर नसतोच.

लिंबाएवढा एक तुकडा दहा मिनिटांसाठी, खिडकी उघडी आणि चिमणी किंवा एक्झॉस्ट चालू, एवढ्याने काही होत नाही. पण तेवढ्यासाठीच खिडकी उघडी हवी. आणि "चांगला वास येतोय, अजून चार तुकडे पेटवून पनीरही भाजू" असा मोह घरात नको. ती भाजणी गच्चीवर.

अजून एक. झाकणाखाली हवा कमी पडली की हा वायू जास्त तयार होतो. झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवा. सगळे लोक उघडल्या उघडल्या वास घ्यायला नाक खुपसतात.

प्रकाश_बी
बरं, खिडकी उघडतो. पण निखारा निवतो हे तरी कबूल करा.

भट्टीवाला
पंखा बंद ठेवा, खिडकी उघडी. पंख्याने राख आणि ठिणग्याही उडतात. झालं समाधान? :-)

ऑस्टिनकर
इकडे अमेरिकेत आमच्याकडे इंडक्शन. कोळसा त्यावर पेटणारच नाही, आणि काचेच्या शेगडीवर निखारा ठेवायची हिंमत नाही. शिवाय स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म फोडणीलाही वाजतो. दुकानात बार्बेक्यूचे गोल ठोकळे मिळतात, "काडी लावा, पेटले" असे. ते गॅरेजमध्ये पेटवून आत आणले तर?

भट्टीवाला
नको. काडीसरशी पेटतात त्या ठोकळ्यांना ज्वलनशील द्रव्य लावलेलं असतं, ते वास होऊन जेवणात येतं. हुक्क्याच्या झटपट पेटणाऱ्या चकत्यांचं तेच. पिशवीवर निव्वळ लाकडाचा कोळसा असं लिहिलेला, वेड्यावाकड्या तुकड्यांचा घ्या. आणि गॅरेज नको, तीही बंद जागाच. बाहेर अंगणात पेटवा आणि धुंगारही बाहेरच द्या. रायत्याचं पातेलं बाहेर न्यायला सोपं, पेटता निखारा घरातून आणणं अवघड. जोधपूरताईंच्या पद्धतीत तर रिकामं पातेलंच न्यायचं आहे.

ऑस्टिनकर
हे आवडलं. बायको म्हणते शेजारी बघत असताना उपड्या पातेल्याशेजारी उकिडवं बसायचं काम मी करणार नाही. म्हणजे मीच.

निषाद_के_पी
मी जरा विरोधी सूर लावतो. एवढा उपद्व्याप कशासाठी? बाजारात धुराचा अर्क मिळतो, दोन थेंब टाका. नाहीतर स्मोक्ड पॅप्रिका आहे. जळत्या निखाऱ्यावर चरबी पडली की जे तयार होतं त्यातले काही घटक कर्करोगकारक असतात, हे काही मी शोधलेलं नाही.

जोधपूरची_सून
अर्काला तुपाचा, हिंगाचा वास नसतो हो. तो डाळीत घातला की डाळ परदेशी सॉससारखी लागते. राहिला तुमचा दुसरा मुद्दा, तो खोटा नाही. पण आम्हीसुद्धा रोजच्या वरणाला धुंगार देत नाही. सणावाराला, पाहुण्यांना. आणि अर्धा चमचा तूप म्हणते ते याचसाठी, मोठा चमचा ओतून काजळी करायची नाही.

निषाद_के_पी
"क्वचित" म्हणजे किती, हे प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवतो. असो, मी अर्कवाला.

गावरान_मिसळ
अर्कवाल्यांसाठी वेगळा धागा काढा. तिथे इन्स्टंट पुरणपोळीवरही चर्चा होईल.

अन्नपूर्णा_केटरर्स_ताई
मंजिरी, डाळीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी लिहिते. आमचा जेवणाच्या ऑर्डरींचा व्यवसाय आहे आणि डाळ-बाटीच्या ऑर्डरी बऱ्याच असतात.

तुझ्या डाळीला वास लागला नाही कारण ती फार गरम होती, असा माझा अंदाज. गॅस बंद केल्या केल्या वाटी ठेवलीस ना? उकळत्या डाळीतून वाफ इतक्या जोरात येते की धूर डाळीपर्यंत पोचत नाही. शिवाय ती वाफ झाकणाला लागून तिचं पाणी होतं आणि ते थेंब थेट निखाऱ्यावर पडतात. झाकण उघडून पाहा, निखारा काळा पडलेला असतो आणि चुर्र आवाज येऊन गेलेला असतो. गॅस बंद करून, झाकण काढून डाळ पाचसात मिनिटं शांत होऊ दे. वाफेचा लोट थांबला आणि पृष्ठभाग स्थिर झाला की मग दे.

फोडणी आधी घाल. तुपाचा पातळ तवंग वर असला की तो धूर धरतो. कोरड्या, पातळ डाळीला वास कमी लागतो.

वाटी तरंगत ठेवू नकोस. पंचमेल डाळ घट्ट असते, तिच्यावर वाटी नीट बसते असं वाटतं, पण झाकण लावताना धक्का लागला की कलते. मी डाळीच्या पातेल्यात तळाला एक उंच स्टीलची वाटी उपडी ठेवते, तिचं बूड डाळीच्या वर बोटभर यायला हवं. त्यावर निखाऱ्याची वाटी. दोन्ही धातूच्या. काचेची, चिनी मातीची वाटी एकदम तापून तडकते आणि मग तुकडे डाळीत शोधायचे. मेलामाइन, प्लास्टिक तर विचारातही नको. निखारा ठेवायचा, अर्धा ते एक चमचा तूप, दोन लवंगा, घट्ट झाकण, चार मिनिटं. मग आधी चिमट्याने निखाऱ्याची वाटी काढायची, आणि नंतर ढवळायचं. घाईत आधी ढवळणारे पाहिलेत मी.

मंजिरी_के
ताई, अगदी हेच! चुर्र आवाज आला होता, मला वाटलं तुपाचाच.

गावरान_मिसळ
वाटी कशाला, कांद्याची पाकळी घ्या की. मोठ्या कांद्याचा बाहेरचा जाड पापुद्रा, छान द्रोण होतो, आणि कांद्याचा वासही उतरतो. आमचा मित्र मटणाला असंच करतो.

अन्नपूर्णा_केटरर्स_ताई
मटणाचा रस्सा दाट असतो, तिथे चालतं. डाळीत ओला कांदा निखाऱ्याची उष्णता खातो आणि तळ जळून भोक पडलं की निखारा आत. मी तरी नाही वापरत.

जोधपूरची_सून
मी वापरते, घट्ट डाळीला. दोन पापुद्रे एकात एक घालायचे. आमच्यात एकमत नाही असं धरून चाला.

नवशिक्या_अमोल
एक बाळबोध प्रश्न. धूर बाहेर जाऊ नये म्हणून कुकरमध्ये डाळ ठेवून कुकरचंच झाकण लावलं तर? एकदम हवाबंद.

अन्नपूर्णा_केटरर्स_ताई
नको रे दादा. रबराच्या रिंगेला तो वास लागला की पुढचा महिनाभर भातही धुंगाराचा. शिवाय कुणीतरी सवयीने खाली गॅस लावायचं. जड ताट ठेव आणि कडेने ओल्या फडक्याची गुंडाळी, पुष्कळ झालं. फडकं निखाऱ्यापासून आणि गॅसपासून लांब.

सुलभाकाकू
आता चष्मा लावून सगळं वाचलं. मुली, तूप घालताना भडका उडतो तो कुणी सांगितला नाही. बरणीतून ओतू नको, चमच्यानेच घाल आणि हात लांब ठेवून. पेटलंच तर फुंकर मारू नको, पाणी तर मुळीच नको, पातेलं नाहीतर झाकण घाल वरून, आपोआप विझतं. ओढणी, साडीचा पदर खोचून घे. आणि मुलांना त्या वेळी बाहेरच्या खोलीत बसव, कार्टून लावून दे. एरवी मी टीव्हीच्या विरोधात आहे.

भट्टीवाला
काकूंनी लाखातलं सांगितलं. एक जोडतो: कोळसा दमट असेल तर गॅसवर ठेवल्याबरोबर तडतडतो आणि पेटते कण उडतात. पावसाळ्यात हमखास. आदल्या दिवशी उन्हात ठेवा, ऊन नसेल तर गरम तव्यावर सुकवा. पेटवताना तोंड वर नेऊन पाहू नका. जाळी बारीक भोकांची घ्या, नाहीतर चुरा बर्नरच्या भोकांत जाऊन बसतो आणि दुसऱ्या दिवशी ज्योत पिवळी येते. गॅसची रबरी नळी ओट्याच्या ज्या बाजूला आहे तिच्या विरुद्ध बाजूला तवा ठेवा.

मंजिरी_के
आणि नंतर निखाऱ्याचं काय? आणि कोळसा मुळात आणायचा कुठून? इथे सुपरमार्केटात नाही मिळाला.

खवय्या_नाना
कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे! मी तिथूनच दोन तुकडे मागून आणतो. तो दर वेळी विचारतो, "काका, एकच शर्ट आहे का?"

भट्टीवाला
नानांचा उपाय बरोबर, फक्त तपासून घ्या. लाकडी कोळसा हातात हलका लागतो, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणतो, तुटलेल्या बाजूला लाकडाची वलयं दिसतात. दगडी कोळसा जड, चकचकीत असतो आणि पेटताना गंधकासारखा वास मारतो. तो अन्नाजवळ आणायचा नाही. रंगवलेल्या, पॉलिश केलेल्या फर्निचरच्या लाकडाचा घरगुती कोळसाही नको. करवंटीचा कोळसा मिळाला तर तो छान, फक्त पेटायला वेळ घेतो.

विझवायचं असं: स्टीलच्या पातेल्यात निम्म्यापर्यंत पाणी आधीच भरून शेजारी ठेवा. काम झालं की चिमट्याने निखारा हळूच त्यात सोडा, टाकू नका, वाफ उसळते. वरून काळा दिसला तरी आत धग तासन्‌तास राहते, म्हणून रात्रभर पाण्यातच राहू द्या. सकाळी कुंडीत. कचऱ्याच्या पिशवीत तसाच टाकलेला निखारा हे आग लागायचं जुनं कारण आहे. निखाऱ्याची वाटीही पंधरा मिनिटं चटके देते, ती मुलांच्या हाताशी ठेवू नका.

प्रकाश_बी
पाण्यात टाकून वाया कशाला? झाकणाच्या डब्यात कोंडला की हवेअभावी विझतो आणि पुढच्या वेळी पटकन पेटतो. आमच्या आजीकडे असा डबा असायचा.

भट्टीवाला
या वेळी पूर्ण बरोबर! फक्त डबा लोखंडी हवा, झाकण घट्ट हवं, आणि तूप घातलेला कोळसा नको. तुपाला खवट वास येतो आणि पुढच्या रायत्यात तो उतरतो.

प्रकाश_बी
हे वाक्य छापून फ्रेम करून ठेवतो. पहिलं वाक्य. दुसरं कापून.

मंजिरी_के
आज रायत्याची रंगीत तालीम केली, जोधपूरताईंच्या पद्धतीने. खिडकी उघडी, पंखा बंद, मुलं आजीकडे, पाण्याचं पातेलं शेजारी. इस्त्रीवाल्याने कोळसा फुकट दिला पण रायतं चाखायला मागितलं. पावणेदोन मिनिटं पातेलं उपडं ठेवलं. कडूपणा अजिबात नाही. वास मात्र मला हलका वाटला, नवऱ्याला बरोबर वाटला. पाहुण्यांसाठी मोठ्या पातेल्यात दीड लिटर करायचं आहे. तर वेळ वाढवू की कोळसे दोन घेऊ?

जोधपूरची_सून
वेळ वाढवू नका, कडूपणा वेळेने येतो. दोन तुकडे घ्या आणि दोघांवर वेगवेगळं अर्धा अर्धा चमचा तूप. आणि करणारीचं नाक धुरात राहून बोथट झालेलं असतं, तेव्हा वास हलका की बरोबर हे दुसऱ्या खोलीतल्या माणसाला विचारा.

अन्नपूर्णा_केटरर्स_ताई
मी दोन तुकड्यांऐवजी दोन पातेल्यांत वेगवेगळं करीन. मोठं पातेलं निखाऱ्यावरून उचलून सुलटं करताना हात दमतो आणि तेवढ्यात धूर निघून जातो. रायतं जेवणाच्या अर्धा तास आधी कर, फार आधी केलंस तर फ्रिजमधल्या बाकीच्या दुधादह्याला वास लागेल.

ऑस्टिनकर
अंगणात उकिडवं बसून झालं. पातेलं छान धुरकटलं. शेजारच्यांनी कुंपणावरून विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हटलं, रायतं. ते अजून विचारात आहेत.